लेकराआधी माय

बीडहून अंबाजोगाईला जाणाऱ्या एसटीत मांजरसुंबा, नेकनूर, केज अशा कुठल्या तरी थांब्यावर लेकुरवाळी बाई चढायचीच. आजी सरकून तिला जागा करून द्यायची. लेकरू कडेवर, नाहीतर मांडीवर. मला त्याचा हात धरायची घाई व्हायची. आजी मला दटावायची आणि आधी आईशी बोलायची, "कुठं चाललीस माय? माहेरला का?" चार गोष्टी झाल्या, बाई जरा टेकून बसली, की मग आजीची नजर लेकराकडे वळायची. परक्या लेकराला तिनं कधी तोंडावर 'गुटगुटीत' म्हटलं नाही. दृष्ट लागते ही तिची पक्की समजूत. फार माया दाटली तर स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. हात लावलाच तर पायाला, तोही विचारून.

दृष्टीवर माझा विश्वास नाही. पण माझी मुलगी मांडीवर आली तेव्हा आजीची रीत किती शहाणपणाची होती ते कळलं. डांग्या खोकल्यापासून बचाव करणारी पेंटा लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात. तोवर बाळ फार नाजूक असतं, आणि मोठ्या माणसाचा साधा वाटणारा खोकलाही त्याला महागात पडू शकतो. अशात शेजारच्या सीटवरून कुणी वाकून गालाचा मुका घेतो. बाळाच्या मुठीत बोट देतो, आणि ती मूठ पुढच्याच क्षणी बाळाच्या तोंडात जाते. आईला कौतुक हवं असतं. आपल्या लेकराकडे बघून कुणी हसलं की तिचा शीण उतरतो. तिला धास्ती असते ती हातांची. वडीलधाऱ्या माणसाला 'हात लावू नका' म्हणायला तिची जीभ रेटत नाही, म्हणून ती गुपचूप पदर ओढून घेते किंवा लेकराला दुसऱ्या मांडीवर घेते. समोरच्यानं तेवढ्यावरून ओळखायचं असतं.

आधी माझी मुलगी कुणालाही बघून हसायची. सात-आठ महिन्यांची झाली आणि अनोळखी चेहरा दिसला की माझ्या खांद्यात तोंड खुपसू लागली. या वयात बहुतेक लेकरांचं असंच होतं. आपलं कोण, परकं कोण हे त्यांना उमगू लागलेलं असतं. अशा वेळी लेकरू आधी परक्याकडे बघतं आणि लगेच आईच्या तोंडाकडे. आई हसून बोलत असेल तर ते सैलावतं. आई आखडली असेल तर ओठ काढतं, आणि मग भोकाड. आजी आईपासून सुरुवात करायची, तिच्याकडं लेकरं रडत नसत, त्याचं कारण मला इथं सापडलं. उलट काही जण रडणारं लेकरू ओढून घेतात, 'लई रडकं हाय' म्हणतात, आणि त्या आईला भरल्या गाडीत ओशाळं करतात.

त्याहून जास्त मनाला लागलेला प्रश्न दुसराच. "काय हाय, मुलगा का मुलगी?" मी मुलगी म्हटलं की विचारणारी क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "असू दे, पहिलीच हाय ना." माझी समजूत घालायची तिला गरज वाटायची. 2011च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलग्यांमागे 807 मुली होत्या. राज्याचा आकडा 894 होता आणि राज्यात सर्वांत खाली बीड होतं. अशा जिल्ह्यात हा प्रश्न साधा राहत नाही. मुलीच्या आईला त्याच्या मागचं सगळं ऐकू येतं.

पुरुषांची अडचण वेगळी, परक्या लेकराजवळ गेले की त्यांच्यावर संशय येतो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी, पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. माझे मामा आयुष्यभर भेटेल त्या लेकराला उचलून घेत आले. आता ते लांबूनच हसतात आणि हात पाठीमागे ठेवतात. आई-बापाची भीती खोटी नसते, हे त्यांना कळतं. पण त्यांना त्याचं वाईट वाटतं, आणि मलाही.

तरी लेकराकडं बघायचं सोडू नका. आधी त्याच्या आईला गाव विचारा, मग लेकराचं नाव. मुलगा की मुलगी ते नावावरून कळेलच. आणि तिनं स्वतः पुढं केल्याशिवाय लेकरू घेऊ नका.