गुलाबी धुणं

ओटीत आलेला लाल खण दिसायला देखणा, पण पुष्कळदा रंगाचा कच्चा. तो पांढऱ्या धुण्यात शिरला, की तासाभराने मशीनमधून धोतर, शर्ट, बनियन, उशीचे अभ्रे असं सगळं गुलाबी होऊन बाहेर येतं.

अशा वेळी घरात हमखास दोन मतं निघतात. एक म्हणतो, आधी वाळू तर दे. हे सगळ्यांत घातक. ओल्या सुतात रंग अजून सैल असतो. वाळून वर इस्त्री फिरली की तो धाग्यात घर करतो. दुसरं मत नीळ द्यायचं. तिने गुलाबी जात नाही, कपडा जांभळट मात्र होतो.

त्याऐवजी ओला शर्ट उजेडात धरून शिलाई पाहावी. कापड गुलाबी आणि टाके मात्र पांढरेशुभ्र, असं पुष्कळदा दिसतं. धागा पॉलिएस्टरचा, त्याला सुतावर चढणारा रंग धरत नाही. टेरिकॉटचा शर्ट म्हणूनच अर्धामुर्धाच लाजतो. जे लाजलंय ते सूत, आणि उपाय त्याच्यावरच करायचा.

आधी साध्या पाण्यात खळबळून पाणी नितळ होऊ द्यावं. मग हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम, अर्धी बादली पाण्यात ऑक्सिजनवाल्या ब्लीचची भुकटी चार-पाच मोठे चमचे विरघळवून कपडे रात्रभर बुडवून ठेवावेत. घासायचं नाही, हा डाग नव्हे, रंगाई आहे, ती घासून निघत नाही. सकाळी रंग फिका पडला असेल तर तेच पुन्हा करावं. घाई इथे अंगाशी येते.

तरी हटला नाही, तर रंगकाट, म्हणजे दुकानात मिळणारा हायड्रो. प्लॅस्टिकच्या बादलीत, कडक गरम पाण्यात, लिटरला चहाचा एक चमचा. खिडक्या उघड्या हव्यात, कारण विझलेल्या काडीसारखा उग्र वास सुटतो. बहुतेक लाल रंगांमध्ये नायट्रोजनच्या दोन अणूंचा दुवा असतो; रंगकाट तोच तोडते, म्हणून काही मिनिटांत गुलाबी डोळ्यांदेखत उतरतो. पण तिला आपलं-परकं कळत नाही. धोतराचे रंगीत काठही ती फिकट करते, तेव्हा काठाचं धोतर ब्लीचच्या भुकटीवरच सोडावं.

मोरीतलं क्लोरीनचं ब्लीच फक्त निव्वळ सुती पांढऱ्याला, तेही थंड पाण्यात आणि थोडा वेळ. रंगकाटीबरोबर किंवा संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर ते कधीही एकत्र करू नये. ॲसिडशी गाठ पडली की विषारी वायू सुटतो. लवचीक कापड तर या ब्लीचने पिवळं पडतं.

चड्डीच्या नाड्याजागी असलेलं नायलॉनचं इलास्टिक मात्र बहुधा गुलाबीच राहतं. नायलॉन हे रंग सुतापेक्षा घट्ट धरून ठेवतं. ते कुणाला दिसत नाही, राहू द्यावं.