हलणाऱ्या खुणा, न हलणाऱ्या खुणा

फोटो बघून जागा ओळखायचा नाद मला भाच्याने लावला. तो फोटो पाठवतो, सोबत बहुधा एक ओळही नसते. आता आठवड्याची घडी बसली आहे. सोमवार ते गुरुवार रोज एक फोटो. दहा मिनिटं नकाशा उघडायचा नाही, वहीत अंदाज आणि त्यामागचं कारण लिहायचं. शुक्रवारी जुने फोटो काढून फक्त सावल्या बघायच्या. शनिवारी नकाशा आणि उपग्रहचित्राशी पडताळा. फोटो जवळपासचा असला तर रविवारी प्रत्यक्ष तिथे जायचं.

वहीच्या पहिल्या पानावर यादी आहे: अक्षरं, आकडे, दगड नि छप्पर, सावली, क्षितिज. प्रत्येक खुणेपुढे एकच प्रश्न लिहिलेला आहे, ही खूण जागेवरून हलू शकते का?

एका फोटोत जांभ्याचा गडगा, माड, कौलारू दुकान आणि समोर पाणी होतं. जांभा दिसला की आपण रत्नागिरी म्हणून मोकळे होतो, पण तो गोव्यात, कारवारकडे, पार उत्तर केरळातही आहे. पाटी देवनागरीत होती, म्हणजे कर्नाटक आणि केरळ बहुधा गळाले; गोवा मात्र शिल्लक राहिला. दारातल्या गाडीचा नंबर MH-09, कोल्हापूरचा. गाडी हलते, आणि कोल्हापूरची माणसं तर सदा समुद्रावर येतात, म्हणून ती खूण मी बाजूला ठेवली. पाटीच्या कोपऱ्यात रंग उडालेला फोन नंबर होता, सुरुवात 02352. हा रत्नागिरीचा कोड, आणि पाटी खिळ्यांनी ठोकलेली. हल्लीच्या पाट्यांवर नुसते मोबाइल नंबर असतात, त्यामुळे अशी जुनी पाटी मिळाली की मला फार आनंद होतो.

मग क्षितिज. डावीकडे उघडा समुद्र, उजवीकडे शहर, मध्ये खाडीचं मुख आणि पलीकडे टेकावर दीपगृह. रत्नागिरीतल्या मांडवी किनाऱ्यावरून दीपगृहाकडे बघताना मध्ये खाडी येत नाही. म्हणजे फोटो खाडीपलीकडच्या भाट्याच्या बाजूने, वायव्येकडे तोंड करून काढलेला. ऊनही डावीकडून येत होतं, म्हणजे वेळ दुपार टळल्यानंतरची.

सावलीबद्दल एक गोष्ट नवख्याने लिहूनच ठेवावी. दुपारी बाराच्या सुमाराची सावली उत्तरेला पडते, हा नियम आपल्याकडे वर्षभर चालत नाही. रत्नागिरी साधारण 17 अंश उत्तरेला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि आखूड सावली दक्षिणेला पडते. त्या दिवसांतला दुपारचा फोटो असेल तर दिशेसाठी मी छपरांवरच्या डिश अँटेना बघतो. आपल्याकडे त्या आग्नेयेच्या बाजूला वळलेल्या असतात.

कुणाच्या घराचा, अंगणातल्या मुलांचा फोटो मी सरावाला घेत नाही. भाच्यालाही तसं सांगितलंय. परवा त्याने नुसत्या कातळाचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "मामा, आता बघूच." त्यात पाटी नाही, गाडी नाही. लांब एक डोंगररेषा तेवढी दिसते. तो शनिवारच्या नकाशासाठी ठेवला आहे.