पेन्शन किती विकावी?

भाईजान गेल्या वर्षी ५८ पूर्ण करून जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. त्याच्या काही महिने आधी पेन्शनचे कागद घेऊन ते माझ्याकडे आले. म्हणाले, "अंशराशीकरणाच्या रकान्यात सगळे ४० टक्के लिहितात. मीही तेच लिहू ना?"

अंशराशीकरण म्हणजे आपल्या बोलण्यातली 'पेन्शन विकणे'. मूळ पेन्शनचा काही भाग सोडायचा आणि त्याबदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे. ४० टक्के ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. त्याहून कमीही विकता येते, किंवा अजिबात न विकताही चालते. मात्र एकदा मंजूर झाले की निर्णय मागे घेता येत नाही.

आम्ही वही काढली. भाईजानचा शेवटचा मूळ पगार ७०,०००, म्हणून मूळ पेन्शन ३५,०००. तिचे ४० टक्के म्हणजे महिना १४,०००. याला १२ ने गुणायचे आणि मग तक्त्यातल्या आकड्याने. पुढच्या वाढदिवसाला ५९ वर्षे होणाऱ्यासाठी तो आकडा ८.३७१ आहे. रक्कम आली १४,०६,३२८. हाती उरणारी मूळ पेन्शन २१,०००. ही कपात १५ वर्षे चालते, म्हणजे एकूण २५,२०,००० रुपये.

भाईजान गप्प झाले. मग म्हणाले, "चौदा घेऊन पंचवीस द्यायचे? हा सूद तर नाही?"

मी म्हटले, "शरीयतचा हुकूम मुफ्तीसाहेबांना विचारा. व्यवहार कसा आहे तेवढे मी सांगते. हे कर्ज नाही. उद्या तुम्हाला काही झाले, तर उरलेली रक्कम भाभीकडून वसूल होत नाही, आणि त्यांचे कुटुंब निवृत्तिवेतनही यामुळे कमी होत नाही."

भाभी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पण आपल्याला लागतात किती?"

खरा प्रश्न तोच होता. घराचे छत आणि दोघांचा हज यांचा हिशेब मांडला. ग्रॅच्युइटी वजा जाता साडेसहा लाख कमी पडत होते. २० टक्के विकले तर ७,०३,१६४ मिळत होते आणि मूळ पेन्शन २८,००० राहत होती. थोरल्याला दुकानासाठी आणखी हवे होते, तो जरा नाराज झाला. भाईजान त्याला एवढेच म्हणाले, "बेटा, महिन्याची दवा दुकानातून नाही, पेन्शनमधून येणार आहे." आणि त्यांनी २० लिहिले.

आता दोन गोष्टी आम्ही सांभाळतो. महागाई भत्ता उरलेल्या २८,००० वर नव्हे, पूर्ण ३५,००० वर मिळायला हवा, म्हणून स्लिप तपासतो. आणि कपात सुरू झाल्याची तारीख भाभींनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. त्या दिवसापासून १५ वर्षे झाली की विकलेले ७,००० पुन्हा सुरू व्हायला हवेत. ते झाले नाहीत, तर हीच वही घेऊन पेन्शन देणाऱ्या कार्यालयात अर्ज करायचा. इन्शाअल्लाह, दोघे मिळूनच जातील.