पाच ओळींचा परिच्छेद आणि उसाचं बिल

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवताना माझं एक ठाम मत होतं, की उपयोजनाचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी व्याख्या, मग गृहीतकं, मग आकृती. एवढं पक्कं झालं की परिच्छेद द्यायचा आणि त्याखाली प्रश्न. परिच्छेदावरचे प्रश्न म्हणजे मुलांच्या पदरात टाकलेले फुकटचे गुण, असंही मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवत असे. ही दोन्ही मतं मी आता सोडली आहेत.

त्याला कारण झाला उसावरचा एक छोटा परिच्छेद. तो साधारण असा होता : ‘केंद्र सरकार दर हंगामासाठी उसाची रास्त व किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, ठरवतं. २०२४-२५ साठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होती आणि उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३३ रुपये २० पैसे जास्त. कारखान्याला यापेक्षा कमी दर देता येत नाही. ऊस आल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावं आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावं, असा नियम आहे. परिसरातल्या छोट्या गुऱ्हाळांना एफआरपीचं बंधन नाही.’

त्याखाली माझा पहिला प्रश्न होता : साखर उतारा १२ टक्के असेल तर एफआरपी किती? १.७५ टक्के जास्त, म्हणजे साडेसतरा वेळा ३३.२०, म्हणजे ५८१ रुपये, एकूण ३,९८१. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांचं बरोबर आलं. दुसरा प्रश्न होता, ‘किमान किमतीचे परिणाम स्पष्ट करा.’ त्याची उत्तरंही भरभरून आली, पण ती गाइडमधली होती. किंमत समतोलाच्या वर ठेवली की पुरवठा मागणीपेक्षा जास्त होतो आणि माल शिल्लक राहतो, असं एकाच छापाचं. परिच्छेदातला ऊस त्या उत्तरांत कुठेच नव्हता.

पेपर तपासताना माझ्या लक्षात आलं, की पहिल्या प्रश्नाला अर्थशास्त्र लागत नाही आणि दुसऱ्याला परिच्छेद लागत नाही. तेव्हापासून प्रश्न काढला की मी त्याची दोन अंगांनी परीक्षा घेतो. अर्थशास्त्र न शिकलेल्या, पण नीट वाचता येणाऱ्या माणसाला हे उत्तर देता येईल का? देता आलं तर ते वाचनाचं किंवा अंकगणिताचं काम आहे. आणि परिच्छेद झाकून ठेवला तर अभ्यासू मुलाला उत्तर देता येईल का? देता आलं तर परिच्छेद नुसती सजावट आहे. दोन्हीकडून अडला, तरच प्रश्न उपयोजनाचा.

ब्लूम यांच्या १९५६ च्या वर्गीकरणाची अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी २००१ मध्ये जी सुधारित मांडणी केली, तिच्यातही उपयोजनाचे दोन भाग आहेत. ओळखीच्या कामावर ठरलेली रीत चालवणं हा एक, आणि अनोळखी कामासाठी योग्य रीत स्वतः निवडणं हा दुसरा. माझा साखर उताऱ्याचा प्रश्न पहिल्या भागातला होता, कारण रीत मीच परिच्छेदात लिहून दिली होती.

मग मी त्याच परिच्छेदावर नवा प्रश्न काढला. तोडणी-ओढणी वजा जाता कारखान्याचे ३,१०० रुपये हातात पडतात, पण चार महिन्यांनी. गुऱ्हाळमालक २,९०० रुपये आजच रोख देतो. शेतकऱ्याच्या डोक्यावर महिना दोन टक्क्यांचं सावकारी कर्ज आहे. त्याने ऊस कुठे घालावा? (आकडे कल्पित आहेत आणि तसं प्रश्नपत्रिकेत लिहिलेलं असतं.)

प्रश्नात ‘संधी-व्यय’ हा शब्द नाही. तो मुलाने आणायचा आहे. रोख मिळालेल्या २,९०० रुपयांनी कर्ज फेडलं तर महिन्याला ५८ रुपये व्याज वाचतं, चार महिन्यांत २३२. म्हणजे गुऱ्हाळाचा दर ३,१३२ च्या बरोबरीचा झाला आणि कारखान्याच्या पुढे गेला. बिल तीन महिन्यांत आलं असतं तर ३,०७४ विरुद्ध ३,१००, म्हणजे कारखानाच बरा. आता शेवटची पायरी : नियमातलं १५ टक्के व्याज खरोखर मिळालं तर? पहिले १४ दिवस सोडून साडेतीन महिन्यांचं धरलं तर सुमारे १३६ रुपये. कारखान्याचे ३,२३६ होतात आणि निर्णय पुन्हा फिरतो. थकीत बिलावरच्या व्याजासाठी शेतकरी संघटना का हटून बसतात, हे त्या एका वजाबाकीत दिसतं. आणि किमान किमतीमुळे शिल्लक राहणारा माल इथे शेतात का दिसत नाही, याचाही धागा हाती लागतो. साखरेचा भाव पडला की कारखान्यावरचा ताण ऊसबिलाच्या थकबाकीत उतरतो. हे कळल्यावर किमान किमतीची व्याख्या मुलांना पाठ करावी लागली नाही. व्याख्या आधी आणि उपयोजन नंतर, हा माझा क्रम तिथे मोडला.

याच प्रश्नाने माझी आणखी एक समजूत हलवली. स्थानिक परिच्छेद सगळ्यांना सारखाच जवळचा असतो, असं मी धरून चाललो होतो. एका मुलीने लिहिलं, की शेतकरी ऊस कारखान्यालाच घालेल, कारण तो सभासद आहे, त्याला सवलतीची साखर मिळते आणि पुढच्या वर्षी तोड वेळेवर हवी असते. गणित तिने मांडलंच नव्हतं. उत्तर चूक म्हणता येईना, कारण ते खरं होतं. पण ते तिने घरून आणलं होतं, आणि शेजारी बसलेल्या शहरातल्या मुलाकडे ते असणं शक्य नव्हतं. आता मी प्रश्नात ‘परिच्छेदातल्या माहितीवरून’ असं लिहितो आणि शेवटी एक गुण वेगळा ठेवतो : ‘हा निर्णय बदलेल असं दरापलीकडचं एक कारण द्या.’ सहा गुणांत निर्णयाला एक, आकडेमोडीला दोन, कारणमीमांसेला दोन आणि हा एक. निर्णयाला एकच गुण ठेवतो, कारण तो अंदाजानेही बरोबर येऊ शकतो.

वर्गात ऊस चालवला की परीक्षेत मी उसाचा परिच्छेद देत नाही. तिथे उद्यमनगरातली फौंड्री येते. मोठा खरेदीदार कास्टिंगला जास्त दर देतो, पण बिल सहा महिने लांबवतो. छोटा कमी दर देतो, पण माल उचलतानाच पैसे देतो. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे, तेही परिच्छेदात असतं. काही मुलं त्यातही एफआरपी शोधतात आणि किमान किमतीवर पानभर लिहितात, खरं तर फौंड्रीच्या मालाला किमान किंमत नसतेच. त्यांना मी गुण देत नाही, पण उत्तरपत्रिका परत देताना दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून बसवतो आणि दोन्हींत कोण कोणाच्या पैशावर थांबलंय, एवढंच विचारतो. एका पेपरात असा एकच प्रश्न बसतो आणि तो तपासायला बाकीच्या सगळ्या पेपराइतका वेळ जातो. विद्यापीठाच्या पेपराला तपासणारे शिक्षक वेगवेगळे असतात, तिथे तो कसा बसवायचा, यावर सध्या आमच्या विभागात वाद चालू आहे, आणि त्यात मी आता पूर्वीच्या विरुद्ध बाजूला आहे.