रीळ कुणीकडे जाईल?

जुलैतला शनिवार होता. डोंबिवलीतल्या आमच्या शाळेची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती आणि पाऊस असा लागला होता की खिडक्यांपलीकडचं काही दिसत नव्हतं. ओल्या गणवेशांचा आणि स्पिरिटच्या दिव्यांचा मिळून एक वास खोलीभर पसरला होता. विज्ञान मंडळाची त्या वर्षातली ती पहिली सभा. आम्ही आठवी-नववीची मुलं बाकांवर दाटीवाटीनं बसलो होतो. दहावीतली कॅप्टन ताई बोलायला उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता. वायरमनकडून मागून आणलेलं तारेचं एक रिकामं रीळ होतं आणि त्याच्या मधल्या नळीवर थोडी सुतळी गुंडाळलेली होती.

तिनं ते रीळ टेबलावर आडवं ठेवलं, चाकासारखं लोळू शकेल असं. सुतळीचं टोक नळीच्या खालच्या बाजूनं निघून तिच्या दिशेनं आलं होतं. ते तिनं दोन बोटांत धरलं आणि विचारलं, “मी ही सुतळी हळूच माझ्याकडे ओढणार आहे. रीळ माझ्याकडे येईल की लांब जाईल? हात वर करा.”

बहुतेक हात ‘लांब जाईल’साठी वर गेले. माझाही गेला. कारण मला स्पष्ट दिसत होतं. सुतळी खालून निघते आहे, ती ओढली की उलगडणार, आणि उलगडायचं तर रीळ मागच्या बाजूला फिरायला हवं. मागे फिरलं की मागे गेलं. इतका सरळ हिशेब असताना काहीजण हात खाली ठेवून का बसले आहेत हे मला कळत नव्हतं.

ताईनं सुतळी ओढली. रीळ तिच्याकडे आलं. नुसतं आलं नाही, तिच्या हाताला गाठायला धावलं. हात एक वीत सरकला तोवर रीळ दोन विती आलं आणि वाटेत सुतळी उलगडण्याऐवजी आणखी गुंडाळली गेली. खोलीत क्षणभर फक्त पाऊस ऐकू येत होता.

“पुस्तकातली गणितं तुम्ही सोडवता,” ती म्हणाली. “गाडीचं त्वरण दिलंय, वेळ दिलीय, वेग काढा. तिथं सूत्र कोणतं हे गणित स्वतःच सांगतं. तुमचं काम फक्त आकडे भरण्याचं. मी ज्याला अवघड गणित म्हणते त्यात आकडे मोठे नसतात. पहिली ओळ काय लिहायची हे त्यात माहीत नसतं. या रिळाच्या गणितात आकडा एकही नाही, तरी इतके हात चुकले. का चुकले ते शोधूया.”

मग तिनं फळ्यावर दोन वर्तुळं काढली, एकात एक. बाहेरचं सहा सेंटीमीटर त्रिज्येचं, म्हणजे रिळाच्या कडा. आतलं तीनचं, म्हणजे नळी. बाहेरचं वर्तुळ जिथं टेबलाला टेकत होतं तिथं तिनं खडूनं ठळक ठिपका दिला. आजही ते चित्र आठवलं की पहिल्यांदा मला तो ठिपकाच दिसतो.

रिळावर किती बलं आहेत ते तिनं आमच्याकडून वदवून घेतलं. वजन खाली, टेबलाचा आधार वर, सुतळीची ओढ पुढे आणि टेबलाचं घर्षण. घर्षणापाशी आम्ही अडकलो. ते किती आहे, कोणत्या दिशेला आहे, काहीच दिलेलं नव्हतं. एकानं सांगितलं, घर्षणांक गुणिले आधार. ताईनं मान हलवली. तो गुणाकार घर्षणाची कमाल मर्यादा सांगतो. रीळ न घसरता लोळत असेल तर घर्षण त्या मर्यादेच्या आत असतं आणि लागेल तेवढंच असतं. ही चूक आमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांची होती. पुढे अकरावी-बारावीत हुशार मुलांनाही ती करताना मी पाहिलं आहे.

“आपल्याला घर्षण माहीत नाही,” ती म्हणाली, “मग ते जिथं गप्प बसतं तिथं जाऊन उभे राहू.” आणि तिनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

दार उघडताना आपण बिजागरीपाशी ढकललं तर ते हलत नाही, कडीपाशी ढकललं तर सहज उघडतं. बलाची फिरवण्याची ताकद त्याच्या रेषेच्या टेकूपासूनच्या अंतरावर अवलंबून असते, आणि रेषा टेकूतूनच गेली तर ती ताकद शून्य. आम्ही सगळ्यांनी रिळाचं केंद्र हाच टेकू धरला होता. केंद्राभोवती पाहिलं तर सुतळी रिळाला खरोखरच मागे फिरवू पाहते, यात आमचं काही चुकलं नव्हतं. पण केंद्राभोवती घर्षणही फिरवतं, उलट दिशेनं, आणि जास्त लांबून. ते आमच्या हिशेबातून निसटलं होतं. आता ठिपका टेकू धरा. घर्षण त्या ठिपक्यातूनच जातं, टेबलाचा आधारही तिथूनच वर येतो आणि वजनाची रेषाही तिथूनच खाली जाते. चारपैकी तीन बलं एका जागी निष्प्रभ झाली. उरली फक्त सुतळी. ती ठिपक्याच्या तीन सेंटीमीटर वरून पुढे ओढते आहे, म्हणून रीळ त्या ठिपक्यावरून पुढेच कलणार. दुसरा मार्गच नाही.

मला तेव्हा जे झालं ते शब्दांत धरणं अवघड आहे. फळ्यावरचं चित्र तेच होतं, एक रेघही वाढली नव्हती, आणि तरी ते उजळल्यासारखं झालं. घर्षण कितीही असो, रीळ लाकडाचं असो की लोखंडाचं, उत्तर बदलणार नव्हतं. न दिलेल्या गोष्टींचं ओझं इतका वेळ मी उगाच वाहत होतो.

रीळ हाताच्या पुढे का धावतं, हेही त्याच ठिपक्यावरून दिसतं. लोळणाऱ्या रिळाचा टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. त्याच्यापासून जितकं वर जावं तितका वेग वाढत जातो. सुतळी तीन सेंटीमीटर उंचीवर सुटते, केंद्र सहावर आहे, म्हणजे केंद्राचा वेग सुतळीच्या दुप्पट. “आता सुतळी आणखी गुंडाळा,” ताई म्हणाली. “नळी जाड होत होत कडेच्या जवळ, साडेपाच सेंटीमीटरपर्यंत आली तर?” सुतळी टेबलापासून अर्धा सेंटीमीटर वर, केंद्र सहावर. हात एक सेंटीमीटर हलवला की रीळ बारा सेंटीमीटर येणार. उलट नळी अगदी बारीक असेल तर सुतळी केंद्राजवळूनच सुटते, तिथं हात आणि रीळ जवळजवळ बरोबरीनं चालतील. उत्तर असं दोन्ही टोकांना ताणून बघायचं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग तिनं हात उचलायला सुरुवात केली. सुतळी आता तिरकी झाली. थोड्या तिरकसपणापर्यंत रीळ पुढेच येत राहिलं आणि मग एका कोनापलीकडे मागे वळलं. ज्यांनी सुरुवातीला ‘लांब जाईल’साठी हात वर केले होते ते एकदम ओरडले. ताई थांबली आणि म्हणाली, “तो कोन किती, हे मोजायच्या आधी सांगा.”

सुतळीची रेषा मनातल्या मनात मागे वाढवायची. ती टेबलाला ठिपक्याच्या मागे भेटली तर रीळ पुढे येतं, ठिपक्याच्या पुढे भेटली तर मागे जातं. नेमकी ठिपक्यातून गेली तर फिरवणारं कोणीच उरत नाही. तेव्हा केंद्र, ठिपका आणि सुतळी नळीला जिथं स्पर्श करते तो बिंदू यांचा काटकोन त्रिकोण होतो. कर्ण सहा, एक बाजू तीन, आणि केंद्रापाशी सुतळीचाच कोन. नववीच्या भूमितीत त्रिकोणमिती आहे, पण ती अशी एका रिळात येऊन बसेल असं मला वाटलं नव्हतं. कोसाइन एक छेद दोन, कोन साठ अंश.

कंपासपेटीतला कोनमापक आणला, साठावर सुतळी धरली, आणि रीळ लोळलं नाही. ते घसरलं. टेबलाच्या गुळगुळीत सनमायकावरून सरळ ताईकडे सरकत आलं. प्रयोग फसला असं वाटून काहीजण कुजबुजले. ताईनं कडेवर खडूची खूण केली आणि पुन्हा ओढलं. खूण वरच राहिली, रीळ मात्र पुढे आलं. लोळणं आणि घसरणं यातला फरक ओळखायची तीच रीत. तिरकी ओढ रिळाला थोडी उचलतेही, म्हणून टेबलावरचा त्याचा भार कमी होतो आणि घर्षणाची मर्यादाही कमी होते. मग तिनं टेबलावर एक ओलं पोतं पसरलं आणि सावकाश ओढलं. साठाच्या आसपास रीळ जागच्या जागी थरथरत राहिलं, ना पुढे ना मागे. जोर वाढवला तर पोत्यावरूनही ते घसरणारच, हे तिनं आधीच सांगून ठेवलं.

भाषण म्हणावं असं तिनं शेवटी जेमतेम दोन मिनिटं केलं. हे गणित तिला इरोडोव्ह यांच्या भौतिकशास्त्राच्या जुन्या पुस्तकात सापडलं होतं. तिथलं उत्तर समजायला तिला अकरा दिवस लागले होते, आणि त्या दिवसांत ती रोज शिवणाच्या दोऱ्याचं रीळ घेऊन जमिनीवर बसत होती. आम्ही आठवड्याला असं एकच गणित घ्यावं, चित्र काढावं, अंदाज पेनानं लिहावा, आणि अंदाज चुकला तर तो खोडू नये, कारण चूक कुठल्या ओळीत शिरली ते त्यावरूनच सापडतं. एवढंच तिचं मागणं होतं.

घंटा झाली. दप्तरं उचलता उचलता तिनं आणखी एक प्रश्न टाकला. सुतळी टेकणाऱ्या चाकापेक्षाही मोठ्या वर्तुळावर गुंडाळली तर? म्हणजे ती ठिपक्याच्याही खालून सुटली तर? असं चाक रोज तुमच्या समोरून जातं, ती म्हणाली.

मला ते सापडायला नऊ दिवस लागले. फलाटाच्या टोकाला, पाऊस उघडलेल्या संध्याकाळी, लोकल निघताना मी तिच्या चाकांकडे पाहत होतो. चाक रुळावर टेकतं, पण त्याची आतली कड रुळाच्या माथ्याखाली साधारण तीन सेंटीमीटर उतरलेली असते, गाडी रुळावरून ढळू नये म्हणून. टेकलेला बिंदू स्थिर, त्याच्या वरचं सगळं पुढे जाणारं. मग त्याच्या खाली उतरलेली कड? मी वही काढली. चाकाची त्रिज्या अर्ध्या मीटरच्या आसपास, गाडीचा वेग ताशी साठ किलोमीटर धरला. पहिल्यांदा चिन्ह चुकलं, ते खोडलं नाही, खाली पुन्हा लिहिलं. ताशी जवळजवळ चार किलोमीटर, उलट दिशेला. गाडी कल्याणकडे धावते आहे आणि प्रत्येक चाकाच्या कडेचा सगळ्यात खालचा बिंदू, तिथं असेल तेवढ्या क्षणापुरता, ठाण्याच्या दिशेनं माणसाच्या चालीनं मागे जातो आहे.

मान वर केली तेव्हा लोकलचा शेवटचा डबा वळणावर दिसेनासा होत होता.