चिंच कोणी खाल्ली?

भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी तिसरीला मराठी शिकवत होते. वर्गात बहुतेक मुलं माडिया. घरी, रानात, नदीवर माडिया बोलायची आणि मराठी मुख्यतः शाळेत ऐकायची. आठवडाभर आमचं एक छोटं नाटक चाललं होतं. म्हातारीच्या टोपलीत आंबा, चिंच आणि बोर आहे. म्हातारीचा डोळा लागतो. मुलगा येतो आणि आंबा खातो, मुलगी येते आणि चिंच खाते, शेवटी अस्वल येतं आणि बोर खातं. म्हातारी उठून रडते. मग गावचा भूमिया सगळ्यांना झाडाखाली जमवतो आणि विचारतो, काय झालं? साक्षीदार सांगतात, "मुलाने आंबा खाल्ला. मुलीने चिंच खाल्ली. अस्वलाने बोर खाल्लं." आठवडा संपेपर्यंत सगळी मुलं ही वाक्यं न अडखळता म्हणत होती. भूतकाळ आला, असं मी दैनंदिनीत लिहूनही टाकलं.

शनिवारी शाळेमागच्या झाडाखाली मुलं चिंचा गोळा करत होती. एक मुलगा मूठ उघडून मला म्हणाला, "मॅडम, मी चिंच खाल्ला." मी मनात म्हटलं, चुकला असेल. एवढ्यात शेजारची मुलगी म्हणाली, "मी बोर खाल्ली."

या दोन चुका मी कितीतरी दिवस डोक्यात घेऊन फिरत होते, कारण त्या एकमेकींना धरून होत्या. मुलगा स्वतःविषयी बोलताना 'खाल्ला' म्हणत होता आणि मुलगी 'खाल्ली'. मुलं नियमाने बोलत होती. फक्त तो नियम मराठीचा नव्हता, माझ्या गोष्टीने त्यांना शिकवलेला होता. मुलाने पुल्लिंगी आंबा खाल्ला, मुलीने स्त्रीलिंगी चिंच खाल्ली आणि नपुंसकलिंगी अस्वलाने नपुंसकलिंगी बोर खाल्लं. खाणारा आणि खाल्लेली वस्तू यांचं लिंग मी तिन्ही ठिकाणी सारखंच ठेवलं होतं. अशा गोष्टीतून क्रियापदाचं शेपूट खाणाऱ्याच्या मागे जातं की फळाच्या, हे कुणाला कळणार?

त्यातून माडिया मूल तर खाणाऱ्याकडेच बघणार. गोंडी, माडिया, तशाच आमच्या चंद्रपूरकडच्या जिवती-राजुऱ्यातल्या कोलामांची कोलामी, या सगळ्या द्राविडी भाषा. त्यांत भूतकाळातही क्रियापद कर्त्याच्याच मागे जातं. आपल्या मराठीत मात्र कर्मणी प्रयोग आहे. मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगांचा केवढा ऊहापोह केला आहे. पण घरात मराठी ऐकत वाढलेल्या मुलाला त्यातलं काहीही सांगावं लागत नाही. 'मुलाने' हा शब्द कानावर पडताच त्याचं मन पुढच्या कर्माची वाट पाहू लागतं. माडिया मुलाला ही सवय लागायला कारणच मिळालेलं नसतं.

लिंगाचा प्रश्न त्याहून खोल आहे. माडियात एकवचनाला दोनच खण. एका खणात पुरुष, त्यांच्यासाठी 'ओर'. दुसऱ्या खणात बाई, शेळी, झाड, दगड, चिंच, आंबा असं बाकीचं सगळं, त्यासाठी 'अद'. म्हणून "आई आलं" म्हणणाऱ्या मुलाला आपल्या आईचा मान कळत नाही, असं कुणी समजू नये. त्याने 'अद'साठी मराठीतला सर्वांत जवळचा वाटणारा खण उचललेला असतो. माडियाप्रमाणे आंबा आणि चिंच एकाच खणातल्या. मराठीने त्या वेगळ्या का केल्या, याला फळाकडे बघून काही उत्तर मिळत नाही. ते शब्दासोबतच यावं लागतं.

म्हणून मी गोष्ट पुन्हा बांधली. नाटकाच्या आधी तीन दिवस फक्त टोपली. फळ हातात दिल्याशिवाय शब्द म्हणायचा नाही, आणि शब्द एकटा म्हणायचा नाही: हा आंबा, ही चिंच, हे बोर. चिंच नि बोरं खरी होती, आंब्याला अवकाश होता म्हणून तो मातीचा केला. डोळे मिटून टोपलीत हात घालायचा आणि "ही चिंच" म्हणत ती बाहेर काढायची. चिंच काढून "हा" म्हटलं तर फळ परत टोपलीत. मुलांना हा खेळ इतका आवडला की मधल्या सुट्टीतही चालायचा.

मग नाटक आलं, पण चोर बदलून. पहिल्या दिवशी मुलाने चिंच खाल्ली, मुलीने बोर खाल्लं, अस्वलाने आंबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी फळं पुन्हा फिरवली, तिसऱ्या दिवशी आणखी एकदा. तीन चोर, तीन फळं, अशा नऊ जोड्या तीन दिवसांत होतात. चौथ्या दिवशी तिघांनीही चिंचच खाल्ली. मुलाने चिंच खाल्ली, मुलीने चिंच खाल्ली, अस्वलाने चिंच खाल्ली. हा दिवस सर्वांत महत्त्वाचा. चोर बदलतो आहे आणि 'खाल्ली' हलत नाही, हे त्या दिवशी कानाला कळतं. पाचव्या दिवशी उलट केलं. एकट्या अस्वलाने तिन्ही फळं खाल्ली, आणि प्रत्येक फळासरशी शेपूट बदललं.

अंगाचाही उपयोग केला. चोर येताना छातीवर हात ठेवायचा आणि साक्षीदारांनी म्हणायचं, "मुलगा आला." खाताना फळ डोक्याच्या वर धरायचं: "त्याने चिंच खाल्ली." पळताना पुन्हा छातीवर हात: "तो पळाला." आला, खाल्ली, पळाला. आधी कर्ता, मग कर्म, पुन्हा कर्ता. मराठी शिकणाऱ्या माडिया मुलाला जी सर्वांत मोठी कसरत करावी लागते, ती या तीन शब्दांत आहे. पुस्तकातल्या धड्यांत ही वाक्यं सलग येतात, पण ती कुणी हाताने दाखवत नाही.

भूमियाच्या प्रश्नावरही बरंच अवलंबून असतं. त्याने "चिंच कोणी खाल्ली?" असं विचारलं तर 'खाल्ली' प्रश्नातच आलं. मूल "मुलाने खाल्ली" म्हणतं, वर्ग टाळ्या वाजवतो आणि त्याला काय येतं ते कळत नाही. पहिले दोन दिवस हाच प्रश्न चांगला, कारण तेव्हा रूप कानावर पडण्याची गरज असते. त्यानंतर भूमियाने फक्त "काय झालं?" विचारावं. रूप मुलानेच आणायचं.

चोराचा कबुलीजबाब मी मुद्दाम शेवटी ठेवते. 'मुलाने' म्हटलं की 'ने' कानाला इशारा देतो. 'मी'ला तो इशाराच नसतो. मी आलो, मी चिंच खाल्ली: दोन्हीकडे 'मी' तसाच. शिवाय आमच्या झाडीपट्टीत मोठी माणसंही "मी भात खाल्लो" म्हणतात, आणि मुलं बाजारात तेच ऐकतात. त्याला चूक म्हणायला मी तयार नाही. ती इथल्या बोलीची रीत आहे. मी त्यावर दुसरा प्रवेश बसवला. तोच माणूस बाजारात मित्राला सांगतो, "मी चिंच खाल्लो." मग तहसील कचेरीत साहेबांसमोर उभा राहून सांगतो, "मी चिंच खाल्ली." मुलं आवाज आणि उभं राहणं तर बदलतातच, पण क्रियापदही बदलतात. दिवाळीनंतर रात्र रात्र झाडीपट्टीची नाटकं पाहणाऱ्या मुलांना माणूस जागा पाहून बोली बदलतो, हे समजावून सांगावं लागत नाही.

मूल चुकलं की नाटक थांबवू नये, नाहीतर पुढचं मूल तोंडच उघडत नाही. मी भूमिया झालेली असते, म्हणून डोळे मोठे करून म्हणते, "काय! तू चिंच खाल्ली?" बरीच मुलं तिथेच सुधारतात. पण सगळी नाही. काहींना भूमिया रागावला एवढंच ऐकू येतं. त्यांच्यासाठी नाटकानंतर फळ्याजवळची पाच मिनिटं लागतातच. तीन वाक्यं लिहायची, फळाच्या नावापासून क्रियापदाच्या शेपटापर्यंत खडूने रेघ ओढायची आणि मुलांनाच विचारायचं, हे कुणाचं शेपूट? गोष्ट असली की व्याकरण आपोआप येतं, असं सांगणारे प्रशिक्षक मला भेटले आहेत. माझा अनुभव तसा नाही.

दुसरा धोका म्हणजे एका सुरातलं म्हणणं. तीस मुलं एकत्र म्हणाली की सगळं बरोबरच ऐकू येतं. पहिल्या आठवड्यात मी त्यानेच फसले. खरं तपासायचं तर मूल एकटं हवं, मध्ये पंधरा दिवस जायला हवेत आणि शब्द नवा हवा. 1958 साली जीन बर्को या अमेरिकी संशोधक बाईंनी लहान मुलांना चित्रातल्या बनावट प्राण्याचं बनावट नाव सांगून त्याचं अनेकवचन विचारलं होतं. शब्दच नवा, तेव्हा पाठांतर उपयोगी पडत नाही, नियमच लागतो. मी ती युक्ती उचलली. मातीचा एक वेडावाकडा गोळा दाखवून म्हणते, "हा लिंपा." दुसरा दाखवून, "ही टुकरी." मग अस्वलाचा मुखवटा घालते, गोळा तोंडाशी नेते आणि विचारते, "काय झालं?" ज्याला नियम कळला ते मूल म्हणतं, "अस्वलाने लिंपा खाल्ला." नुसतं पाठ केलेलं मूल गप्प बसतं किंवा "बोर खाल्लं" म्हणतं. गप्प बसणाऱ्यांना घेऊन मी पुन्हा टोपलीपाशी बसते.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. मुलाला मूळ गोष्टच कळली नाही तर यातलं काहीही चालत नाही. म्हणून पहिल्या दिवशी गोष्ट पूर्ण माडियात सांगितली जाते. मला ती तितकी चांगली येत नाही, तेव्हा स्वयंपाकघरातल्या मावशी येऊन सांगतात आणि मी मुलांमध्ये बसून ऐकते. पहिलं शिक्षण मुलाच्या भाषेत व्हावं, हे 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या लोकांनी तर 2019 मध्ये ग्रामसभेच्या बळावर गोंडीतून शिकवणारं गोटुल उभं केलं. घरची भाषा पक्की असलेलं मूल मराठीतही लवकर चालायला लागतं, असं मी वर्गात पाहिलं आहे. त्याला गोष्ट आधीच ठाऊक असते, मग नव्या भाषेत फक्त शेपटांकडे लक्ष द्यायचं राहतं.

गडचिरोली-चंद्रपुरातल्या माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. सुट्टीनंतर वर्गासाठी गोष्ट लिहायला बसाल तेव्हा आधी कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे करणाऱ्याचं लिंग लिहा आणि उजवीकडे वस्तूचं. दोन्ही रकाने ओळीने जुळत असतील तर गोष्ट कितीही छान असली तरी फळं बदला, आणि मगच मुखवटे करायला घ्या.