‘कोणतीही माहिती, कोणाकडूनही’

सुपा एमआयडीसीत नोकरीला लागणाऱ्या आमच्या पोरांपुढे आलेल्या संमतिपत्रात एकच वाक्य होतं: ‘माझ्याविषयीची कोणतीही माहिती कोणाकडूनही घेण्यास माझी हरकत नाही.’ म्हणजे शेजाऱ्याला जात विचारा, 3 जानेवारी 2018 च्या बंदचा गुन्हाही उकरा. दाखल गुन्हा म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे अहवाल वाचणाऱ्याला कोण सांगणार?

2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमती ठरावीक हेतूपुरतीच मानतो आणि ती मराठीत वाचण्याचा पर्यायही देतो. म्हणून आम्हीच मजकूर लिहून दिला: ‘पदवी विद्यापीठाकडे, मागची नोकरी त्या कंपनीकडे, पत्ता प्रत्यक्ष भेटीत तपासू. तपासणाऱ्या एजन्सीचं नाव खाली आहे. प्रलंबित खटला आणि दोषसिद्धी वेगळी नोंदवू. अहवाल याच नेमणुकीसाठी वापरू. तो प्रतिकूल असल्यास प्रत देऊन सात दिवस उत्तराची वाट पाहू.’

शेजाऱ्याला ‘इथे राहतो का’ एवढंच विचारावं, ही आमची ओळ मात्र एचआरने खोडली. ती परत घातल्याशिवाय सही करायची नाही, असं पोरांनी ठरवलंय.